ब्लाउजच्या गळ्यावरचे फुगे

प्रश्न: सुती ब्लाउजच्या गळ्याला चिकटवलेला कॅनव्हास पहिल्या धुण्यातच सुटून वर फुगे येतात. काय करावे?

उत्तर: फुगे बहुधा दोन कारणांनी येतात: कापड आटते पण कॅनव्हास तितका आटत नाही, किंवा गोंद पुरता वितळलेलाच नसतो. म्हणून सुती कापड व अस्तर रात्रभर भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच बेतावे. मंगलदास मार्केटमधून आणलेले कोरे अस्तर तर भिजवल्याशिवाय वापरूच नये.

कॅनव्हास ब्लाउजच्या कापडावर न चिकटवता आतल्या गळपट्टीच्या उलट बाजूला चिकटवावा, म्हणजे पुढे तो थोडा सुटला तरी दर्शनी बाजू सपाट राहते. सरळ पट्टी वाकवून बसवण्याऐवजी तो गळ्याच्याच आकारात कापावा आणि गळ्याच्या कडेला पाव इंच शिलाई सोडली असल्यास तेवढा आत ठेवावा, नाहीतर उलटवताना कड जाड होते.

गोंदाची खरखरीत बाजू कापडाला लावून, वर किंचित ओला रुमाल ठेवून इस्त्री न सरकवता एकेका जागी दहा-बारा सेकंद दाबावी आणि पट्टी पूर्ण गार होईपर्यंत हलवू नये, कारण गोंद गार होतानाच धरतो. आधी एका तुकड्यावर हे करून गार झाल्यावर कोपरा ओढून पाहावा; सहज सुटला तर उष्णता किंवा वेळ कमी पडला आहे. तेवढी उष्णता न सोसणाऱ्या रेशमी किंवा सिंथेटिक कापडाला मात्र बिनगोंदाचा कॅनव्हास शिवूनच लावावा.