एकच आकडा, तीन वयं: ट्रिटियम आणि जमिनीखालचं पाणी

आमच्या बोअरच्या पाण्यात २.५ टीयू ट्रिटियम निघालं, पावसात साधारण ६ टीयू असतं. मग पाण्याचं वय किती धरायचं?

सरळ हिशोब केला तर साडेपंधरा वर्षं, पण हा आकडा लगेच रिपोर्टात टाकू नका.

हिशोब असा. ट्रिटियम म्हणजे हायड्रोजनचं रेडिओॲक्टिव्ह रूप आणि टीयू हे ते मोजायचं एकक. ते दर १२.३ वर्षांनी निम्मं होतं, म्हणजे ६ चे ३ व्हायला १२.३ वर्षं आणि ३ वरून २.५ वर यायला अजून सव्वातीन. यात आपण गुपचूप एक गोष्ट मान्य केलेली असते, की एका वर्षाचा पाऊस जमिनीत मुरला आणि तो मागेपुढे कुणात न मिसळता, नळीतून ढकलल्यासारखा तुमच्या बोअरपर्यंत आला. असं होऊ शकतं, पण बोअर जर खोल असेल आणि केसिंगला दोन-तीन थरांत भोकं असतील तर पंप वरचं ताजं पाणी आणि खालचं जुनं पाणी एकदम ओढतो. समजा ४२ टक्के यंदाचा पाऊस आणि ५८ टक्के शंभर वर्षांपूर्वीचं पाणी ज्यात ट्रिटियम उरलेलंच नाही, तरी आकडा २.५ च येणार! साडेपंधरा वर्षांचा तिथे एक थेंबही नाही. आणि तिसरी शक्यता म्हणजे १९६० च्या दशकातलं पाणी, त्याबद्दल खाली लिहितो.

पावसाचा आकडाही नीट घ्यावा लागतो. ट्रिटियम वरच्या वातावरणात तयार होतं, कॉस्मिक किरणांमुळे सुटलेले न्यूट्रॉन नायट्रोजनवर आदळतात आणि त्यातून ते बनतं, मग पाण्याच्या रेणूत शिरून पावसाबरोबर खाली येतं. पण वर्षभर सारखं येत नाही. मध्यम अक्षांशांवर वसंत ऋतूत वरची हवा जास्त खाली उतरते तेव्हा पावसात ट्रिटियम वाढतं. म्हणून एका सरीचं सॅम्पल काही कामाचं नाही, ज्या महिन्यांत पाणी खरंच जमिनीत मुरतं त्या महिन्यांची सरासरी घ्यायची, आणि ज्या महिन्यात पाऊस जास्त त्याला वजन जास्त द्यायचं. ६ च्या जागी ८ धरलात तर त्याच २.५ वरून वय जवळपास २१ वर्षं येतं. नुसत्या पावसाच्या अंदाजाने पाच वर्षांचा फरक पडला, लॅबची काहीच चूक नाही.

१९६३ चं नाव सारखं ऐकतो. त्या वर्षी नेमकं काय झालं आणि आज त्याचा काय संबंध?

१९५२ पासून हायड्रोजन बॉम्बच्या चाचण्या वातावरणात व्हायला लागल्या आणि प्रत्येक चाचणीत भरपूर ट्रिटियम हवेत गेलं. १९६३ साली उत्तर गोलार्धातल्या पावसात ते कळसाला पोचलं, कॅनडातल्या ओटावाला, जिथली मोजमापं १९५३ पासूनची आहेत, महिन्याचे आकडे हजारोंत गेले. त्याच वर्षी वातावरणातल्या चाचण्यांवर बंदीचा करार झाला आणि मग आकडे उतरत गेले. दक्षिण गोलार्धात हा उंचवटा खूपच लहान होता, त्यामुळे दुसरीकडचा आलेख उचलून आपल्याकडे लावता येत नाही.

पूर्वी हा उंचवटा म्हणजे जमिनीत सोडलेली खूणच होती, विहिरीत ५०-१०० टीयू दिसलं की पाणी बॉम्बच्या काळातलं हे उघड व्हायचं. आता तेच ट्रिटियम झिजून झिजून आजच्या पावसाच्या पातळीला आलंय आणि तिथेच गोंधळ होतो. साठ वर्षांत साधारण २९ पटीने घट होते, म्हणजे ७३ टीयूचा पाऊस त्या काळी मुरला असेल तर आज तो बरोबर २.५ दाखवेल. तुमच्या बोअरचाच आकडा!

मग या तिघांतलं खरं कोणतं हे कळायचं कसं?

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण बरेच रिपोर्ट याच्या आधीच संपतात.

बॉम्बवालं पाणी वेगळं काढायला हेलियम-३ बघायचं. ट्रिटियम मोडलं की त्याचं हेलियम-३ होतं आणि ते पाण्यात विरघळून तिथेच राहतं. पाणी साडेपंधरा वर्षांचं असेल तर मोडलेल्या ट्रिटियमचं हेलियम ३.५ टीयूइतकं असायला हवं, साठ वर्षांचं असेल तर ७० च्या आसपास. इतका फरक असल्यावर शंका राहत नाही. मात्र हेलियम प्लास्टिकच्या बाटलीतून निसटतं, त्यासाठी तांब्याच्या नळीत पाणी भरून दोन्ही टोकं क्लॅम्पने घट्ट दाबतात, बुडबुडा आत राहिला की सॅम्पल गेलं. आणि हे घड्याळ पाणी भूजलपातळीला टेकल्यावर सुरू होतं, कारण वरच्या कोरड्या मातीतून खाली जाताना हेलियम हवेत निघून जातं.

मिसळलेलं पाणी मात्र हेलियमवरून नीट ओळखता येत नाही, जुन्या पाण्यात त्याच्या स्वतःच्या पावसाचं हेलियम साठलेलं असतं. जुनं पाणी हजारो वर्षांचं असेल तर तिथे कार्बन-१४ कामाला येतो, कारण तो फार सावकाश झिजतो. पंधरा वर्षांच्या पाण्यात तो भरपूर असणार. एकाच सॅम्पलमध्ये ट्रिटियम आहे आणि कार्बन-१४ मात्र खूपच कमी, असं दिसलं की दोन पाणी एकत्र आलीयत असा संशय घ्यायचा. चुनखडीच्या प्रदेशात जपून, तिथे खडकातला जुना कार्बन विरघळून पाणी आहे त्यापेक्षा म्हातारं दिसतं.

याआधी एक स्वस्त गोष्ट करून बघा. पंप सुरू केल्यावर अर्ध्या तासाने एक सॅम्पल घ्या आणि बरेच तास चालवून दुसरं. आकडे ठळकपणे वेगळे आले तर पाणी एका थरातलं नाही.

आमच्या रिपोर्टात "०.३ पेक्षा कमी" लिहिलंय. पाणी किती जुनं?

बॉम्बच्या आधीचं, एवढंच. १९५० च्या ६ टीयू पावसातलं आज ०.१ सुद्धा उरलेलं नाही, त्यामुळे शंभर वर्षांचं पाणी आणि दहा हजार वर्षांचं पाणी इथे सारखंच दिसतं.

पाण्यात रेडिओॲक्टिव्ह पदार्थ आहे म्हणजे प्यायला धोका आहे का?

या पातळीला नाही. ६ टीयू म्हणजे लिटरमागे ०.७ बेकरेल, आणि पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेचा मार्गदर्शक आकडा १०,००० बेकरेल आहे.

सॅम्पल घेताना काय सांभाळायचं?

एक लिटरची कोरडी स्वच्छ बाटली, काठोकाठ भरून झाकण घट्ट. गाळायचं नाही, ॲसिड टाकायचं नाही. ट्रिटियम पाण्याच्या रेणूतच असतं, ते बाटलीला चिकटत नाही की मातीला.

पण हातातलं घड्याळ काढून ठेवा. अंधारात चमकणाऱ्या काही घड्याळांत ट्रिटियम असतं आणि आपण मोजतोय ते इतकं थोडं, की १ टीयू म्हणजे हायड्रोजनच्या १ वर १८ शून्यं इतक्या अणूंमागे एक. लॅबमध्येही थेट मोजता येत नाही, अर्धा लिटर पाण्यातून कित्येक दिवस वीज सोडून ते १५-२० मिलीवर आणतात, साधा हायड्रोजन वायू होऊन आधी निघून जातो आणि ट्रिटियम मागे साठत जातं. म्हणजे बाटलीत चुकून शिरलेलंही त्याच्याबरोबर साठतं.

मी म्हणून दर फेरीला एक जास्तीची बाटली नेतो, ट्रिटियम नसलेल्या खोल जुन्या पाण्याने भरलेली, विहिरीपाशी तेवढाच वेळ उघडून पुन्हा बंद करतो आणि बाकीच्यांबरोबर लॅबला पाठवतो. त्या बाटलीत ट्रिटियम दिसलं तर त्या दिवसाची सगळीच सॅम्पलं परत घ्यायची.