शहर बदलल्यामुळे लॉक-इन असताना जिम सोडायची असेल तर

आधी करारातलं स्थलांतराचं कलम शोधा. नव्या पत्त्याजवळ त्यांची शाखा नसेल तर लॉक-इनमध्येही सदस्यत्व सोडता येईल, असं काही करारांत असतं. तसं असेल तर कलमाचा क्रमांक पत्रात घाला.

नुसतं ‘शहर बदलतोय’ लिहिलंत तर सदस्यत्व रद्द करण्याऐवजी थोडे दिवस गोठवून ठेवू शकतात आणि नंतर हप्ते पुन्हा सुरू होऊ शकतात. म्हणून स्पष्ट लिहा: ‘१ ऑगस्टच्या या पत्रापासून नोटिशीची मुदत धरून ३१ ऑगस्टला माझं सदस्यत्व रद्द करावं. त्यानंतर हप्ता कापू नये.’ सोबत बदलीचं पत्र किंवा नवा भाडेकरार जोडा.

काउंटरवरच्या तोंडी होकारावर विसंबू नका, ईमेलवर पोच मागा. ऑटो-डेबिट लेखी होकारानंतरच थांबवा, नाहीतर तुमच्या नावावर थकबाकी दाखवू शकतात. कलमच नसेल तर उरलेली मुदत दुसऱ्याच्या नावावर करता येईल का, हे त्याच पत्रात विचारा.