प्रस्तावित लाभांश : देणं की नुसता प्रस्ताव?

प्रश्न : जुन्या वहीत प्रस्तावित लाभांश ताळेबंदात देणं म्हणून आहे, पण कंपनीच्या अहवालात तो फक्त टिपेत दिसतो. मग 'प्रस्तावित'चा अर्थ काय धरायचा? आणि 'राखीव निधीत वर्ग' केलेला पैसा ठेवतात कुठे?

शब्द नीट वाचला ना की उत्तर त्यातच आहे. संचालक मंडळ लाभांशाची नुसती शिफारस करतं, मंजूर करतात भागधारक, वार्षिक सभेत, आणि ते आकडा कमी करू शकतात पण वाढवू शकत नाहीत. म्हणजे ३१ मार्चला कंपनी कोणाचं काहीच देणं लागत नाही, सभेत जाहीर झाला की मग देणं. पूर्वी तरीही प्रस्तावित रक्कम त्याच वर्षी विनियोजन खात्यात नावे टाकून तरतूद करायचे, तुमची वही त्या काळातली. २०१६ मध्ये लेखामानक ४ बदललं आणि तो टिपेत गेला.

आता आकडे बघा, सगळे लाखांत. समजा राखून ठेवलेला नफा सुरुवातीला ५५, वर्षाचा नफा ६०, सर्वसाधारण राखीव निधीत वर्ग ६, मागच्या वर्षासाठी सुचवलेला १५ लाभांश या ऑगस्टच्या सभेत जाहीर होऊन वाटला, आणि यंदासाठी सुचवलाय २०. तर ५५ अधिक ६०, वजा ६, वजा १५, शिल्लक ९४. ते २० यात कुठेच नाहीत. जुन्या पद्धतीत मागचे १५ आधीच गेलेले असल्याने सुरुवात ४० ने झाली असती, यंदाचे २० वजा होऊन शेवटी ७४ उरले असते, म्हणजे फरक बरोबर त्या २० चा. घोळ होतो तो दोन्ही पद्धती मिसळल्या की, ५५ ने सुरुवात करून १५ पण वजा आणि २० पण. पडताळायला मागच्या अहवालातली टीप काढा, तिथला प्रस्तावित आकडा यंदा वाटलेल्या लाभांशाशी जुळायला हवा (सभेने कमी केला नसेल तर).

'निधी' शब्दाबद्दल माझी तक्रार जुनीच आहे, ऐकलं की वाटतं कुठेतरी पेटी भरून ठेवलीय. वरचे ६ लाख कुठेही गेले नाहीत हो, बँकेतली शिल्लक तेवढीच राहिली, नफ्याचं नाव फक्त बदललं. त्यामुळे मला 'संचिती' जास्त आवडतो, पण बोलताना कोण म्हणतंय. 'वर्ग' मात्र झकास शब्द आहे, एका खात्यातून दुसऱ्यात, बस. १९५६ च्या कायद्याखाली लाभांश १० टक्क्यांच्या वर गेला की नफ्यातला ठरावीक हिस्सा वर्ग करावाच लागायचा, २०१३ च्या कायद्याने ते कंपनीच्या मर्जीवर सोडलं, म्हणून हल्ली बऱ्याच अहवालांत त्या ओळीपुढे शून्य दिसलं तर छपाईची चूक समजू नका.