निरोपाच्या चिठ्ठीत ‘मी येईन’चे काय होते?

प्रश्न: फोनवर आलेला निरोप घरच्यांसाठी चिठ्ठीत लिहून ठेवायचा असतो. बोलणाऱ्याचे ‘मी’, ‘तू’ कसे बदलायचे? आणि इंग्रजीत ‘आहे’चे ‘होते’ करायला शिकवतात, तसे मराठीतही करायचे का?

उत्तर: काळ मागे न्यायचा नाही. मराठीत निरोपातल्या क्रियापदाचा काळ बोलणाऱ्याच्या बोलण्याच्या क्षणापासून मोजला जातो, त्यामुळे ‘म्हणाली’ भूतकाळी असले तरी आतले ‘आहे’ हे ‘आहे’च राहते. बदलायचे ते सर्वनाम, त्याच्याशी जुळणारे क्रियापदाचे शेवटचे अक्षर आणि ‘आज-उद्या’सारखे शब्द. एक निरोप पूर्ण घेऊन पाहू. मंगळवारी आत्याचा फोन आला, तो मुलाने घेतला आणि चिठ्ठी आईसाठी ठेवायची आहे. आत्या म्हणाली:

‘मला ताप आहे, त्यामुळे मी आज येत नाही. उद्या सकाळी दहाला येईन. आईची फाईल माझ्याकडेच राहिली आहे, ती घेऊन येते. काल मी बँकेत गेले होते, पण काम झाले नाही. तिला म्हणावं, माझी वाट बघू नकोस. आणि परवा तिला वेळ आहे का, ते विचार.’

चिठ्ठी अशी होईल:

‘आई, मंगळवारी दुपारी ४ वाजता आत्याचा फोन आला होता. तिला ताप आहे, त्यामुळे ती आज येत नाही. बुधवारी सकाळी १० वाजता येईल. तुझी फाईल तिच्याकडे राहिली आहे, ती घेऊन येणार आहे. सोमवारी ती बँकेत गेली होती, पण काम झाले नाही. तिची वाट बघू नकोस, असे तिने सांगितले आहे. गुरुवारी तुला वेळ आहे का, असे विचारले आहे.’

आधी सर्वनामे. ‘मी’चे ‘तो’ किंवा ‘ती’ आणि ‘तू’चे ‘मी’ करायचे, हा पाठ केलेला नियम इथे पुरत नाही. आत्याने ‘आईची फाईल’ म्हटले, म्हणजे तिच्या दृष्टीने आई तृतीयपुरुषी होती. चिठ्ठी वाचणार आईच, म्हणून ‘आईची’चे ‘तुझी’ झाले आणि ‘तिला वेळ आहे का’चे ‘तुला’ झाले. उलट, ‘बघू नकोस’ हे आत्याने आईलाच उद्देशून म्हटले होते, म्हणून ते तसेच राहिले. बदलले ते फक्त ‘माझी’. तेव्हा प्रत्येक सर्वनामापाशी थांबून दोन गोष्टी विचारायच्या: हा शब्द कोणासाठी होता, आणि ती व्यक्ती चिठ्ठी वाचणाऱ्याची कोण? व्यक्ती म्हणजे वाचणाराच असेल तर ‘तू’ किंवा ‘तुम्ही’, लिहिणारा असेल तर ‘मी’, तिसरेच कोणी असेल तर नाव किंवा नाते. चिठ्ठीत ‘ती’ कोण याचा जरा जरी संशय असेल तरी ‘आत्या’ पुन्हा लिहावे.

बोलण्यात आपण सर्रास ‘आत्या म्हणाली की मी उद्या येईन’ असे म्हणतो, आणि ते मराठीला धरूनच आहे. ‘की’नंतर बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे ठेवण्याची मुभा आपल्या भाषेत आहे. तोंडी निरोपात सूर आणि प्रसंग मदतीला असतात. कागदावर तसे नसते. ‘काका म्हणाले की मी पैसे भरले’ ही ओळ वाचून पैसे काकांनी भरले की चिठ्ठी लिहिणाऱ्याने, हे कळायला मार्ग नाही. म्हणून लेखी निरोपात एक काहीतरी ठरवावे: शब्द तसेच ठेवायचे असतील तर अवतरणचिन्हात घालावे (काका म्हणाले, ‘मी पैसे भरले.’), नाहीतर ‘मी’ काढून ‘काकांनी’ लिहावे. दोन्हींची सरमिसळ सर्वांत वाईट. हल्ली ‘मी येईल’, ‘मी करेल’ असे बरेच जण बोलतात. ती सवय चिठ्ठीत उतरली तर ‘मी’ एकाचा आणि ‘येईल’ दुसऱ्याचे वाटू लागते. ‘मी’बरोबर ‘येईन’, ‘ती’बरोबर ‘येईल’.

सर्वनाम बदलले की क्रियापद जुळवावे लागते, आणि नेमके इथे घाईत चुकते. वर्तमानकाळात सुटका होते: आत्याचे ‘मी येत नाही’ आणि ‘ती येत नाही’ यांत क्रियापद तेच. भविष्यात मात्र ‘येईन’चे ‘येईल’ होते, आणि आदरार्थी लिहीत असाल तर ‘येतील’. भूतकाळात अकर्मक क्रियापद कर्त्याप्रमाणे चालते: बाई ‘मी गेले’ म्हणते, पण तिच्याविषयी ‘ती गेली’ किंवा ‘त्या गेल्या’ लिहावे लागते. ‘गेले’ तसेच उतरवले तर ‘आत्या बँकेत गेले होते’ असे विचित्र वाक्य तयार होते. पुरुषाच्या ‘मी गेलो’चे ‘तो गेला’ किंवा ‘ते गेले’. सकर्मक क्रियापद उलट सोपे. ‘मी फाईल आणली’ यात ‘आणली’ फाईलशी जुळलेले आहे, ते हलत नाही. फक्त कर्त्याला प्रत्यय लागून ‘आत्याने फाईल आणली’ होते. समोरच्याला म्हटलेल्या ‘तू आणलीस’मधला शेवटचा ‘स’ तृतीयपुरुषात गळतो.

आता काळाचे. ‘आत्या म्हणाली की तिला ताप होता’ असे लिहिले तर आई समजेल, ताप येऊन गेला, आता बरी आहे. ‘होता’ हा बोलण्याच्याही आधीचा काळ झाला. बँकेच्या वाक्यात ‘गेले होते’ होते, कारण आत्या स्वतःच आदल्या दिवसाबद्दल सांगत होती. तिथे ‘गेली होती’ राहणारच. तसेच ‘येईन’चे ‘येणार होती’ करू नये. मराठीत ‘येणार होती’ म्हटले की पुढचे न लिहिलेले ‘पण आली नाही’ ऐकू येते. बेत बदलला असेल तरच ते रूप वापरावे.

काळाचे रूप बदलावेच लागते अशी एक जागा मात्र आहे, आणि ती सहसा कोणी सांगत नाही. आत्या ‘घेऊन येते’ म्हणाली. रूप वर्तमानकाळाचे, पण अर्थ आश्वासनाचा. प्रथमपुरुषात ‘मी करतो’, ‘मी बघते’, ‘मी कळवतो’ ही सगळी वचने असतात. तीच रूपे तृतीयपुरुषात नेली की वचन जाऊन सवय उरते: ‘ती फाईल घेऊन येते’ म्हणजे नेहमी आणते, असे वाटते. म्हणून तिथे ‘घेऊन येणार आहे’ किंवा ‘घेऊन येईल’ लिहायचे. इथे काळ मागे गेलेला नाही. बोलणाऱ्याच्या मनात जो भविष्यकाळ होता, तोच आता रूपातही दिसू लागला.

दिवसांचे शब्द काढून वार किंवा तारीख घालावी. चिठ्ठी रात्री उशिरा वाचली गेली किंवा दुसऱ्या दिवशी सापडली, तर ‘उद्या’ एक दिवस सरकतो. ‘परवा’ तर दोन्हीकडे चालतो, मागेही आणि पुढेही. बोलताना क्रियापदावरून उलगडा होतो, पण ‘परवाच्या भेटीबद्दल विचारले आहे’ यात तो होत नाही. वरच्या चिठ्ठीत ‘आज’ ठेवला तो केवळ शेजारी ‘मंगळवारी’ लिहिले आहे म्हणून.

‘आपण’बद्दल थोडे सांगायला हवे. ‘आपण येणार नाही, असे आत्या म्हणाली’ यात ‘आपण’ म्हणजे आत्या स्वतः. मराठीची ही सोय फार छान आहे: बोलणारी व्यक्ती आणि निरोपातली व्यक्ती एकच, हे एका शब्दात कळते. दोन बायकांची गोष्ट असेल तर ‘फाईल तिच्याकडे आहे’ यापेक्षा ‘फाईल आपल्याकडे आहे, असे ती म्हणाली’ जास्त नेमके. पण घरातल्या चिठ्ठीत तोच ‘आपण’ ‘आपण सगळे’ असा वाचला जातो आणि ‘आपल्याकडे’ म्हणजे ‘आपल्या घरी’ असे वाटून आई फाईल घरभर शोधत बसेल. सविस्तर लेखनात तो वापरावा, दोन ओळींच्या निरोपात टाळावा.

निरोप जर कार्यालयाच्या नोंदवहीत जायचा असेल, म्हणजे महिन्यांनीही कोणी वाचणार असेल, तर ‘-ल्याचे’ ही रचना कामाची. ‘ताप आहे’चे ‘ताप असल्याचे’, ‘काम चालू आहे’चे ‘काम चालू असल्याचे’, ‘गेले होते’चे ‘गेल्याचे’, ‘येईन’चे ‘येणार असल्याचे’, ‘येणार नाही’चे ‘येणार नसल्याचे’. उदाहरणार्थ: ‘सचिवांनी मंगळवारी दूरध्वनीवरून आजारी असल्याचे व बैठकीस येणार नसल्याचे कळवले.’ या रूपांना पुरुष नसतो, त्यामुळे ‘मी’चे काय करायचे हा प्रश्नच उरत नाही, आणि ‘आहे की होते’ हाही नाही. मात्र कर्ता वगळला की वाचणारा तो बोलणाराच धरतो. ‘पत्र मिळाल्याचे सांगितले’ म्हणजे पत्र सचिवांना मिळाले. दुसऱ्या कोणाला मिळाले असेल तर नाव घालायलाच हवे. शिवाय चार वाक्यांत चारदा ‘असल्याचे’ आले की निरोप बातमीपत्र वाटू लागतो, म्हणून घरच्या चिठ्ठीत ही रचना आणू नये.

आज्ञा नोंदवहीत ‘-वे’ने आणि मनाई ‘नये’ने लिहितात: ‘वाट पाहू नये, असे कळवले’, ‘फाईल काढून ठेवावी, असे सांगितले’. यात ‘ठेवावी’ फाईलशी जुळते. घरी ‘फाईल काढून ठेवायला सांगितली आहे’ पुरते, फक्त कोणाला सांगितले ते लिहावे. प्रश्नातला ‘का’ तसाच राहतो, प्रश्नचिन्ह तेवढे जाते. ‘ती म्हणाली’ पण ‘तिने सांगितले’ किंवा ‘तिने म्हटले’. ‘तिने म्हणाली’ चुकीचे.

आणि ‘आत्याला म्हणे ताप आहे’ असे मात्र लिहू नका. ‘म्हणे’ने निरोप दुसऱ्याचा आहे हे कळते खरे, पण त्याबरोबर ‘खरे-खोटे तिलाच ठाऊक’ असा सूरही लागतो, आणि तापाने पडलेल्या आत्याला तो कळला तर आवडणार नाही.