स्वप्न तुझं, अर्थ आपला

प्रिय बेटा,
प्रभूच्या नावात सलाम.

रविवारी उपासना सुटल्यावर फाटकाशी उभं राहून तू मला स्वप्न सांगितलंस, तेव्हा त्यातली बाई बोलत नव्हती. मातीच्या घराच्या दारात उभी राहून ती नुसता हात हलवत होती. बुधवारी रात्री तुझा लांबलचक मेसेज आला, त्यात ती "ये" म्हणाली होती. तीन दिवसांत तिला वाचा फुटली. तू खोटं बोलतेस असं मी म्हणत नाही. स्वप्न पडून गेल्यावर मन त्यात भर घालत राहतं, आणि आपल्याला ते कळतही नाही. म्हणून पहिलं काम हे कर: एक वही घे आणि रविवारी जेवढं सांगितलंस तेवढंच लिही. किती वेळा पडलं, कोणत्या तारखांना, त्या दिवशी ड्यूटी रात्रीची होती का, आदल्या दिवशी घरात कशावरून बोलणं झालं होतं, हे सगळं लिही. अर्थ लिहू नकोस. अर्थासाठी पान कोरं सोड.

इस्पितळातली नोकरी आणि वडोदऱ्याचं लग्न सोडून खेड्यातल्या दवाखान्यात जायचं का, या विचारात तू विचारलंस, "काका, हे देवाचं आहे की माझं?" मला जे सांगायचं आहे ते एकच आहे आणि या पत्रात मी ते पुन्हा पुन्हा सांगणार आहे. स्वप्न एकाला पडतं, पण त्याचा अर्थ एकट्याने लावायचा नसतो.

प्रेषितांची कृत्ये, सोळावा अध्याय काढ. आपल्या घरी शास्त्र मराठीतून वाचतात, तेच काढ. चर्चमधलं हिंदी नको, कारण मला एक शब्द दाखवायचा आहे. त्रोवसात रात्री पौलाला दृष्टान्त होतो: मासेदोनियाचा एक माणूस उभा आहे आणि "इकडे येऊन आम्हाला साहाय्य कर" अशी विनवणी करतो आहे. तुझ्या स्वप्नाच्या किती जवळचं आहे बघ. आता पुढचं वचन वाच. दृष्टान्त पौलाला झाला, पण देवाने "आम्हाला" बोलावलं आहे असं "अनुमान करून" निघाले ते सगळे. दहाव्या वचनात लूक पहिल्यांदाच "आम्ही" म्हणतो. ज्याला मराठीत अनुमान म्हटलंय, त्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ जुळवणं, एकत्र आणणं असा आहे. पौलाच्या पत्रांत शरीराचे सांधे एकमेकांत बसतात त्यासाठी हाच शब्द येतो. मग त्यांनी जुळवलं काय? आसियात वचन सांगायला पवित्र आत्म्याने मना केलं होतं. बिथुनियात जायला निघाले, तीही वाट बंद झाली. दोन बंद दारं, त्यानंतर एक स्वप्न, आणि ते ऐकणारे सोबती. हे सांधे बसले तेव्हा कुठे होडी सुटली. पौलासारखा माणूस, दमिष्काच्या वाटेवर प्रत्यक्ष वाणी ऐकलेला, तोही स्वप्नाचा अर्थ उशाशी बसून एकट्याने लावत नाही.

आणि तू? बाहेरगावच्या एका उपदेशकाला फोन केलास, दहा मिनिटांत त्याने सांगितलं की हे पाचारण आहे, लग्न मोडायची खूण आहे, आणि तू आईला तसं सांगूनही टाकलंस. त्याने तुला कधी पाहिलंय तरी का? तुझ्या घरात कोण आजारी आहे, हे तरी त्याला माहीत आहे का?

मी रागावलोय, कारण हेच मी केलं आहे.

१९८६ साली मी अठ्ठावीस वर्षांचा होतो आणि इथेच इंदूरला एका कारखान्याच्या हिशेब खात्यात होतो. तुझी काकू सात महिन्यांची गरोदर होती. मला स्वप्न पडलं: कोरडी विहीर, भोवती रिकामे हंडे घेऊन उभी असलेली माणसं, आणि दोर माझ्या हातात. दोराचा काथ्या तळहाताला टोचत होता, तो मला आजही आठवतो. बुधवारच्या प्रार्थनासभेत मी उभा राहिलो आणि म्हणालो, "प्रभूने मला सेवेला बोलावलं आहे." सगळे आमेन म्हणाले. दुसरं म्हणणार तरी काय? देवाचं नाव पुढे केल्यावर नाही म्हणायला तोंड कुणाला उरतं? त्याच आठवड्यात राजीनामा दिला आणि आम्ही झाबुआकडच्या एका गावी गेलो. चौदा महिने राहिलो. तिथली भाषा मला येत नव्हती आणि ती शिकायचा धीरही मला नव्हता. बाळाला कावीळ झाली तेव्हा काकूच्या बांगड्या विकून आम्ही परत आलो. बाळ वाचलं. काकू त्याबद्दल कधी एक शब्द बोलली नाही, आणि तेच मला सर्वांत जड गेलं. परत आल्यावर म्हातारे पाळकसाहेब एवढंच म्हणाले, "तू आम्हाला विचारलं नाहीस, कळवलंस."

पण मी आजही सांगतो, ते स्वप्न खोटं नव्हतं. पुढे पंधरा वर्षं छावणीतल्या आमच्या घराच्या ओट्यावर शाळा सुटलेली मुलं संध्याकाळी माझ्याकडे गणित शिकायला येत होती. दोर तोच होता, विहीर मी चुकीची धरली. कुणी म्हणेल की मी नंतर सोयीचा अर्थ लावतो आहे. म्हणू दे. त्या आठवड्यात तिघांना विचारलं असतं, तर एकाने तरी म्हटलं असतं, "बाळंतपण होऊ दे, मग पाहू." स्वप्न एकाला पडतं, पण अर्थ एकट्याने लावायचा नसतो, हे मला चौदा महिने आणि चार बांगड्या देऊन कळलं.

तेव्हापासून आपल्या प्रार्थनासभेत मी हट्ट धरला की "देवाने मला सांगितलं" असं कुणी म्हणायचं नाही. "मला असं दिसलं, तुम्ही पारख करा" असं म्हणायचं. यावरून दोन कुटुंबं मंडळी सोडून गेली. काका आत्म्याला विझवतात, असं ती बोलली. थेस्सलनीकेच्या पहिल्या पत्रात "आत्म्याला विझवू नका" लिहिलं आहे खरं, पण दोनच वचनं पुढे "सर्व गोष्टींची पारख करा" हेही लिहिलं आहे, आणि तिथवर वाचायची तसदी कुणी घेत नाही. माझं चुकलं असेल तर बोलण्याच्या पद्धतीत चुकलं असेल. मुद्दा मी सोडणार नाही.

आता लग्नाचं. संत ऑगस्टिनची आई मोनिका स्वप्नांवर विश्वास ठेवणारी बाई होती. मुलगा भलत्या मताला लागला म्हणून ती रडत असे. तिला स्वप्न पडलं की ती एका लाकडी पट्टीवर उभी आहे, आणि एक तेजस्वी तरुण तिला सांगतो, बघ, तू आहेस तिथेच तोही आहे. वळून पाहते तर मुलगा शेजारी उभा. ऑगस्टिनने लगेच अर्थ फिरवला: म्हणजे तू माझ्यासारखी होशील. ती क्षणाचाही वेळ न लावता म्हणाली, "नाही. तो आहे तिथे तू, असं मला सांगितलं नाही; तू आहेस तिथे तो, असं सांगितलं." तिने शब्द जसेच्या तसे धरून ठेवले होते, म्हणून मी तुला वही घ्यायला सांगतो. शिवाय ती एका बिशपकडे गेली आणि माझ्या मुलाशी बोला म्हणून मागे लागली. त्याने नकार दिला, नुसती प्रार्थना कर म्हणाला. ती तरी रडून विनवत राहिली, आणि शेवटी त्याने दिलेला धीर तिने धरून ठेवला. स्वप्न खरं व्हायला जवळजवळ नऊ वर्षं लागली.

पण पुढचं तुझ्यासाठी जास्त महत्त्वाचं आहे. ऑगस्टिनच्या लग्नाची बोलणी चालली होती, तेव्हा त्याच्या सांगण्यावरून याच मोनिकेने देवाकडे स्वप्न मागितलं. स्वप्नं पडली, पण तिने ती बाजूला सारली. ज्या गोष्टीत जीव गुंतला आहे तीच मन रात्री दाखवतं, हे ती ओळखून होती. देव दाखवतो तेव्हा आणि आपलं मन दाखवतं तेव्हा चवीत फरक असतो, पण तो शब्दांत सांगता येत नाही, असं ती म्हणे. ही चव तिला कित्येक वर्षांच्या प्रार्थनेने आली होती. तुझ्या-माझ्याकडे ती आहे असं आपण गृहीत धरू नये.

म्हणून स्पष्ट विचारतो. वडोदऱ्याचा मुलगा तुला नको आहे का? नको असेल तर आईला तसं सांग, मी तुझ्या बाजूने बसेन. त्यासाठी देवाला पुढे करायची गरज नाही. पण लग्न नको आणि पाचारण आलं, या दोन गोष्टी एकाच गाठोड्यात बांधल्यास तर तुला स्वतःलाही कधी सुटून कळणार नाहीत.

तुझी खरी भीती मला ठाऊक आहे: मी थांबले आणि ते देवाचंच असलं तर? पाचव्या शतकातल्या फोटिकीच्या दियादोखस नावाच्या बिशपाने याचं उत्तर दिलं आहे. मालक बऱ्याच दिवसांनी रात्री घरी येतो, हाक मारतो. आवाजाने फसगत होईल, मालकाची वस्तू चोराच्या हाती जाईल, या भीतीने नोकर दार उघडत नाही. उजाडल्यावर मालक रागावत नाही, उलट त्याला शाबासकी देतो. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो. थांबण्याने देव दुखावत नाही. घाईने काय होतं ते मी वर लिहिलंच आहे.

तर आता असं कर. दोन आठवडे आणखी कुणाला स्वप्न सांगू नकोस आणि दुसरं स्वप्न मागू नकोस. रोज सकाळी एक स्तोत्र वाच. एक दिवस "मी जाते आहे" असं धरून प्रार्थना कर, दुसऱ्या दिवशी "मी इथेच आहे" असं धरून, आणि तासाभराने मन कसं आहे ते एका ओळीत लिही. तासाभराने म्हणतो, कारण प्रार्थनेच्या भरात उमाळा येतोच. इग्नाती लोयोला आपल्या परंपरेतला नव्हे, पण त्याने हे नीट सांगितलं आहे: देवाने दिलेली शांती एक, आणि त्या शांतीच्या उबेत आपण स्वतः रचलेले बेत वेगळे. बेतांवर देवाची सही आहे असं धरू नये.

मग तिघं निवड. एक तुला लहानपणापासून ओळखणारं. एक खेड्यातल्या दवाखान्यात खरोखर राहिलेलं. तुमच्या वॉर्डातल्या निवृत्त सिस्टर मला योग्य वाटतात, त्या गोड बोलणार नाहीत. आणि एक असं, ज्याला तू गेलीस काय नि राहिलीस काय, काही मिळायचं वा गमवायचं नाही. होला हो करणारी मैत्रीण नको. त्यांना आधी फक्त वहीतलं स्वप्न वाचून दाखव आणि गप्प बस. तुझा अर्थ सांगितलास की ते त्यालाच मान डोलावतील. तिघांनी आपापल्या घरी आठवडाभर प्रार्थना करावी, आपसात बोलू नये, मग एकत्र बसावं. तिघांचं जुळलं नाही तर नोकरी सोडायची नाही, एवढं आत्ताच कबूल कर. जुळलं, तर सुट्टी काढून महिनाभर एखाद्या गावच्या दवाखान्यात काम करून ये, मग पुढचं. फिलिप्पैला पौलाला तो मासेदोनियाचा माणूस दिसलाच नाही. नदीकाठी जमलेल्या बायका भेटल्या, लुदिया भेटली, आणि नंतर फटके आणि तुरुंग. बोलावणं खरं असतं तेव्हाही वाट स्वप्नातल्यासारखी नसते. ती मातीच्या घरातली बाई तुला कधीच भेटणार नाही, हे धरून तिघांपुढे बस.

गुरुवारी संध्याकाळी सातला घरी ये. आईलाही आण, तिला तू कळवलंस, विचारलं नाहीस. काकू म्हणाली आहे की या वेळी तीही बसणार. वही विसरू नकोस, आणि तिच्यात रविवारचंच स्वप्न असू दे, बुधवारचं नको.

तुझा,
काका