टप्प्याचं पेमेंट आणि शनिवारचा पगार

प्रश्न : टप्प्याटप्प्याने पेमेंट मिळणारं बांधकाम घेतलंय. सप्लायरची देणी धरून कॅश फ्लो फोरकास्ट एक्सेलमध्ये कसा करायचा? महिन्याचा तक्ता पुरेल का?

नाही पुरणार. आमच्या दादाशी माझं भांडण याच्यावरूनच झालं, म्हणून लिहितो.

सोलापुरात अक्कलकोट रोडला एका टॉवेल कारखानदाराचं बांधकाम होतं. ठेका दादाच्या नावावर, हिशोब माझ्याकडे. आकडे समजायला सोपे करून सांगतो. स्लॅबच्या टप्प्याचं बिल 9 लाख. खर्चात सळई अडीच लाख, रेडीमिक्स 2 लाख, सेंट्रिंगसकट मजुरी आठवड्याला 70 हजार, असे चार आठवडे. एकूण 7 लाख 30 हजार. सुरुवातीला बँकेत 4 लाख. दादाने बिल आणि खर्च एकाच महिन्यात मांडले आणि महिनाअखेर 5 लाख 70 हजार शिल्लक दाखवली.

मी तेच आठवड्याने मांडलं. सळई दुसऱ्या आठवड्यात आली, उधारी 15 दिवसांची, म्हणजे तिचे पैसे चौथ्या आठवड्यात. रेडीमिक्सवाला रोख घेतल्याशिवाय गाडी पाठवत नाही, तोही चौथ्यातच. तिथेच 3 लाख 30 हजार कमी पडतात. बिल चौथ्या आठवड्यातच गेलं, पण आर्किटेक्टची सही होऊन चेक सातव्या आठवड्यात. मजूर मधे थांबत नाहीत. दोन आठवड्यांचे पगार आणि विटा-सिमेंटचे 80 हजार धरले की सहाव्या आठवड्याअखेर खड्डा साडेपाच लाखांचा. आणि चेकही 9 लाखांचा नसतो. मालक राखून ठेवतो ते 5 टक्के रिटेन्शन आणि 1 टक्का टीडीएस जाऊन 8 लाख 46 हजार.

म्हणून रकान्यात आठवडे घ्या. जमेची बाजू बिलाच्या तारखेवर धरू नका, त्या मालकाला चेक काढायला खरोखर किती दिवस लागतात त्यावर धरा. देणं माल आल्याच्या तारखेला उधारीचे दिवस मिळवून. मग शेवटची शिल्लक नव्हे, सगळ्यात खालची शिल्लक शोधा. तेवढी सोय आधी लागते.

माझं म्हणणं होतं की करारातच टप्पा फोडायचा : सळई साइटवर उतरली की तिच्या किमतीच्या 75 टक्के उचल, ती पुढे स्लॅबच्या बिलातून वळती. खड्डा साधारण 3 लाख 60 हजारांवर येतो. दादा म्हणाला, "मालक नाराज होतील." अहो, साइटवरच्या मालावर उचल सरकारी कामातही मिळते! शेवटी दादाने वहिनींचे दागिने गहाण ठेवून पगार केले. मालक मात्र खूश होते.

जीएसटी वर धरलेला नाही, त्याची ओळ वेगळी ठेवा. दर महिन्याला रिटर्न भरत असाल तर बिलावरचा 18 टक्के, खरेदीवरचं क्रेडिट वजा करून, पुढच्या महिन्याच्या 20 तारखेला भरावा लागतो, मग मालकाचा चेक आलेला असो वा नसो. तुमचा ठेका भागीदारीत किंवा कंपनीच्या नावावर असेल तर टीडीएस 2 टक्के धरा. आणि करारावर सही झाली असेल तर उचल मिळणं अवघडच, तेव्हा सळईवाल्याकडून 30 दिवसांची उधारी मिळते का ते बघा. तो दर वाढवून लावेल, तरी दागिने गहाण ठेवण्यापेक्षा परवडतं, हे दादाला आजही पटत नाही.