लग्नघर उरकलं, पण झोप अजून अडीचलाच येते

"दिराच्या मुलाचं लग्न झालं. हळद, लग्न, मग गोंधळ, आठ दिवस घरात पाहुणे. सगळे जाऊन आज पाच दिवस झाले तरी मला अडीचच्या आत झोप लागत नाही आणि सकाळी नऊशिवाय डोळा उघडत नाही. रोज दहाला दिवे बंद करून पडते, नुसती तळमळते. सोमवारपासून शाळा, सहाला उठायचंय. काय करू?"

ताई, सगळ्यात आधी ते दहाला पडणं बंद करा. पाच दिवस तुम्ही झोपेसाठी नेमकी चुकीची वेळ निवडताय, आणि म्हणून तळमळ होतेय.

शरीरातलं घड्याळ आपल्या नेहमीच्या झोपेच्या आधीचे दोन-तीन तास आपल्याला मुद्दाम जागं ठेवतं. दिवसभराचा थकवा साठत आलेला असतो, त्याच्यावर मात करून संध्याकाळ पार पडावी म्हणून ही सोय आहे. एरवी तुम्ही साडेदहा-अकराला झोपत असाल तर हा तरतरीचा काळ आठ-नऊच्या सुमाराला येतो. आता तुमचं घड्याळ अडीचवर सरकलंय, त्यामुळे तो काळ आलाय रात्री साडेअकरा-बाराला. दहाला पडल्यावर थोडी गुंगी आली तरी पुढे तासाभरात डोळे टक्क उघडणार. त्यात तुमचा काही दोष नाही. पण चार-सहा रात्री असं तळमळत काढल्या की अंथरूण म्हणजे जागायची जागा अशी मनाची सवय होते, आणि ती सवय लग्नाच्या जागरणापेक्षा जास्त चिवट असते.

हे मी पाहिलंय. तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात आमच्याकडे लग्न होतं. गाद्या मांडववाल्याकडे परत गेल्या, घर शांत झालं, आणि माझी जाऊ रोज दहाला आडवी व्हायची. पंख्याची करकर ऐकत मनात आहेराचा हिशोब. मग साडेबाराला उठून ट्यूबलाइटखाली आहेराची वही घेऊन बसायची, कुणाचं पाकीट, कुणाची साडी, परत कुणाला काय द्यायचं. दोन आठवडे तसेच गेले. शेवटी आम्ही झोपायची वेळ सोडून दिली आणि उठायची वेळ धरली, तेव्हा पाच दिवसांत गाडी रुळावर आली.

कारण घड्याळ मागे ओढायची दोरी सकाळच्या उजेडात आहे. बहुतेकांचं शरीरघड्याळ चोवीस तासांपेक्षा थोडं मोठं असतं, म्हणून उशिरा जागणं आपोआप जमतं आणि लवकर झोपणं जमत नाही. त्याला रोज मागे ओढतो तो सकाळी डोळ्यांत शिरणारा उजेड. घरात ट्यूबलाइटखाली फार तर दोन-तीनशे लक्स असतात, बाहेर अंगणात सावलीतसुद्धा हजारो. खिडकीत चहा घेत बसणं आणि गच्चीवर जाणं यात त्यामुळे खूप फरक पडतो.

मात्र एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण इथेच उत्साही माणसं फसतात. नऊला उठणाऱ्या माणसाच्या शरीराची मध्यरात्र, म्हणजे तापमान सगळ्यात खाली जाण्याची वेळ, साधारण सहा-सातच्या सुमाराला असते. त्या वेळेनंतरचा उजेड घड्याळ मागे ओढतो, तिच्या आधीचा उजेड मात्र उलट आणखी पुढे ढकलतो. म्हणजे उद्याच साडेपाचचा गजर लावून फिरायला गेलात तर दिवसभर डोकं जड राहील आणि रात्री झोप उलट आणखी लांबेल. म्हणून पाऊण-पाऊण तासानेच यायचं.

आज मंगळवार आहे, दिवस पुरतात. उद्या बुधवारी गजर सव्वाआठचा. उठल्यावर दहा मिनिटांत बाहेर, अर्धा तास, गॉगल न लावता, सूर्याकडे थेट न बघता. चहा तिथेच घ्या, भाजी निवडा, काहीही करा. गुरुवारी साडेसात, शुक्रवारी पावणेसात, शनिवारी सहा. झोपायला मात्र आज पावणेदोन, उद्या एक, गुरुवारी सव्वाबारा, शुक्रवारी साडेअकरा. त्याआधी पेंग आली तरी बसून राहा. या चार रात्री झोप साडेसहा तासांचीच होईल, थकवा जाणवेल, आणि तो थकवाच तुम्हाला हवा आहे. शनिवारपासून पेंग आपोआप अकराच्या आसपास येऊ लागली की समजा, घड्याळ वळलं. मग हळूहळू पावणेअकरावर या. एखाद्या सकाळी गजराने अजिबातच जाग आली नाही, तर पुढची पायरी न चढता तीच वेळ आणखी एक दिवस ठेवा.

पडल्यावर अंदाजे वीस मिनिटांत झोप लागली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत, मंद दिव्यात बसा. घड्याळ बघू नका. पेंग आली की परत. आहेराची वही मात्र सकाळच्या कामात टाका, रात्री तिला हात नको.

दुपारची झोप हा लग्नघराचा उरलेला हिशोब असतो. जेवून दोन तास ताणून दिली की रात्रीसाठी साठवलेला थकवा दुपारीच खर्च होतो. फारच डोळे मिटत असतील तर तीनच्या आत वीस-पंचवीस मिनिटं, गजर लावून. चहाचंही तसंच. लग्नात दिवसभर पातेलं गॅसवर असतं, ती सवय राहते. चहा-कॉफीतल्या कॅफिनचा निम्मा भाग पाच-सहा तासांनीही अंगात असतो, तेव्हा शेवटचा कप दुपारी दोनचा. संध्याकाळी नऊनंतर मोठे दिवे मालवून एखादा छोटा दिवा पुरे, आणि लग्नाचे फोटो मोबाइलवर बघणं दिवसा.

झोपेच्या गोळ्या कुणी सुचवेल, घरात कुणाच्या तरी असतातच. त्या घेऊ नका. त्या गुंगी देतात, घड्याळ फिरवत नाहीत.

ही सगळी रीत धडधाकट माणसासाठी आहे. कुणी डेंग्यू, टायफॉइडमधून उठलं असेल तर झोप तोडायची नाही, त्या शरीराला काही आठवडे जास्त झोप लागतेच. तिथे फक्त उठायची वेळ साधारण एक ठेवायची आणि सकाळी थोडं बाहेर बसवायचं. फिट येणाऱ्या माणसाची झोप कमी करून हा प्रयोग करायचा नाही, जागरणाने फिट ओढवू शकते. आणि आणखी एक, लग्नघरात हमखास दुर्लक्ष होतं म्हणून लिहिते: कुणी दोन-तीन तासच झोपतंय, तरी दमत नाही, भराभर बोलतंय, उधळून खर्च करतंय, तर ते लग्नाचा उत्साह म्हणून सोडू नका, लगेच मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. जागरणाने असा झटका सुरू होऊ शकतो, विशेषतः आधी कधी येऊन गेला असेल किंवा घरात कुणाला असेल तर.

तुमच्या बाबतीत मला भीती वाटते ती रविवारची. नवरानवरी जेवायला येणार, गप्पा रंगणार, एखादी मावशी राहणार. रात्र बारापर्यंत गेली तर जाऊ द्या, पण सोमवारी गजर सहाचाच ठेवा आणि शाळेत जायच्या आधी दहा मिनिटं तरी अंगणात उभ्या राहा. एका रात्रीचं जागरण घड्याळ पचवतं, त्यानंतर नऊला उठणं पचवत नाही.